सातबारा बघितला, फेरफार बघितला का?

नांदूरघाटच्या आसपासच्या वस्त्यांवर आम्ही कागदं तपासायला बसतो तेव्हा पहिला सातबारा बघतो, आणि कितीतरी वेळा त्याच्यावर मेलेल्या माणसाचं नाव असतं. आजा वारून वीस वर्षं झाली, बाप वारून आठ वर्षं झाली, शेत नातू कसतोय, आणि कागदावर अजून आजाच जिवंत आहे. विचारलं तर घरचे म्हणतात, "आमचंच हाये की, कोण नेणार हाये?" कोण नेणार तेच सांगायला हा लेख लिहिला आहे. बहुतेक वेळा नेणारा बाहेरचा नसतोच.

सातबारा सगळ्यांना माहीत आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो. पण सातबाऱ्यावर नाव काही आपोआप उगवत नाही. ते दुसऱ्या एका वहीतून तिथं येतं. त्या वहीचं नाव गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीचा मालक बदलला, मरण आलं, खरेदी झाली, वाटणी झाली, बोजा चढला किंवा उतरला, तर आधी तिथं एक नंबर पडतो, काय झालं ते लिहिलं जातं, मग मंडळ अधिकारी ते मंजूर करतो, आणि मग सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. तुमच्या सातबाऱ्यावर नावाजवळ कंसात किंवा गोलात एक आकडा असतो बघा, तो फेरफाराचा नंबर. सातबारा म्हणजे आजचा फोटो. तुमचं नाव तिथं कसं आलं, कुणी आणलं, दुसऱ्या कुणाचं नाव कधी आणि कशामुळं गेलं, हे सगळं त्या नंबरात आहे. म्हणून नुसता सातबारा बघणाऱ्याला आम्ही अर्धंच काम केलं असं म्हणतो.

आता आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात की कागद ही सरकारची गोष्ट, आपला हक्क कसण्याचा आहे, पिढ्यान् पिढ्या नांगर चालवलाय तोच पुरावा. सभेत हे बोलणं चांगलं वाटतं. त्यातला एक भाग कायद्यानंही खरा आहे. सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलंय की फेरफारानं मालकी जन्माला येत नाही आणि फेरफारानं मालकी मरतही नाही. मालकी येते खरेदीखतानं, वारशानं, वाटणीनं, सरकारनं दिलेल्या पट्ट्यानं. फेरफार त्याची नुसती नोंद आहे.

पण लगेच पुढची ओळ वाचा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५७ सांगतं की हक्कनोंदणीतली नोंद आणि फेरफार नोंदवहीतली मंजूर झालेली नोंद खरी धरायची, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा नवी नोंद होईपर्यंत. ह्या एका ओळीत सगळा खेळ आहे. ज्याचं नाव नोंदीत आहे त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. ज्याचं नाव नाही त्याच्या डोक्यावर ओझं. कोर्टाची फी त्यानं भरायची, वकील त्यानं लावायचा, साक्षीदार त्यानं आणायचे. आपल्या माणसाला हे ओझं घेऊन किती वर्षं चालता येतं? म्हणून मालकी फेरफारानं जात नाही हे खरं असलं तरी जमीन मात्र जाते.

हे कसं घडतं ते एका घरावरून सांगतो. घर मनानं बांधलेलं आहे, कुणाचं नाव घेत नाही, पण वाचताना चार-पाच जणांना आपलंच वाटेल.

समजा एका पारधी म्हाताऱ्याच्या नावावर एक हेक्टर साठ आर जमीन होती, म्हणजे चार एकराला जरा कमी. १९८३ ला म्हातारा वारला. मागं म्हातारी, तीन मुलं आणि एक मुलगी. तेव्हाच्या तलाठ्यानं वारसाचा फेरफार लिहिला. त्यात थोरल्या मुलाचं एकट्याचं नाव घेतलं आणि त्याच्या पुढं तीन अक्षरं टाकली: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कुठं ए.कु.क. असतं, कर्ता म्हणून. अर्थ असा की जमीन सगळ्यांची, थोरला फक्त सांभाळणारा. त्या काळात ही पद्धतच होती, एक नाव लिहिलं की तलाठ्याचंही काम सोपं. कुणी वाईट हेतूनं केलं असं म्हणता येत नाही. घरातही कुणाला खटकलं नाही, कारण घर एक होतं.

पुढं भाऊ वेगळे झाले. तोंडीच वाटण्या झाल्या. मधला ओढ्याकडचा तुकडा कसायला लागला, धाकटा खडकाकडचा. बांध घातले, पण कागद कुणी केला नाही. २००९ ला थोरला वारला. त्याच्या दोन पोरांनी मृत्यूचा दाखला जोडून वारसाचा अर्ज दिला. तलाठ्यानं बघितलं की सातबाऱ्यावर मयताचं नाव, मयताचे वारस दोन मुलगे, आणि त्या दोघांची नावं लावली. ए.कु.मॅ. ही तीन अक्षरं वाचली का? वाचली असती तर विचारावं लागलं असतं की ह्या मॅनेजरच्या मागं कुटुंबात कोण कोण आहे. नाही विचारलं. आता सगळी एक हेक्टर साठ आर जमीन दोन पुतण्यांच्या नावावर. मधला काका ओढ्याकडं पेरतोय, पण कागदावर तो परक्याच्या रानात पेरतोय.

२००९ पासून पुढं त्याला ते कळतही नाही. कारण कुणी शेतातून हाकलत नाही. पुतणे चांगले आहेत, काकाला मान देतात. कळतं कधी? दुष्काळाचं अनुदान येतं आणि ते पुतण्यांच्या खात्यावर जमा होतं. पीक विमा भरायला जातो आणि केंद्रावरचा पोऱ्या म्हणतो, तुमचं नावच नाही. शेतकरी ओळख क्रमांक काढायला जातो, तिथं खातं लागतं आणि खातं पुतण्याचं. पवनचक्कीवाला येतो, रस्त्यासाठी मोजणी येते, मोबदल्याचा कागद कोणाच्या नावानं निघतो? नोंदीतल्या. तोपर्यंत पुतण्याचं लग्न झालेलं, कर्ज झालेलं, आणि मग मान देणारा पुतण्याही म्हणतो, "काका, कागद तर माझ्या नावावर हाय." पैसा आला की नात्याची परीक्षा होते, आणि त्या परीक्षेत कागद पुतण्याच्या बाजूनं उभा राहतो.

असं घर सुधारता येतं का? येतं, पण उलट्या दिशेनं चालावं लागतं. आजच्या सातबाऱ्यावरचा फेरफार नंबर घ्यायचा. त्या फेरफाराची नक्कल काढायची. त्यात आधीच्या नोंदीचा धागा सापडतो, तो धरून मागं जायचं, १९८३ च्या फेरफारापर्यंत. जुने फेरफार आणि हातानं लिहिलेले सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, नकलेचा अर्ज करून, फी भरून मिळतात. त्याच्या मागं जायचं असेल तर आपल्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यानंतरची खासरा पाहणी आहे, १९५४-५५ ची, त्यात आजाचं किंवा पणज्याचं नाव सापडू शकतं. ह्या सगळ्यात जपायची गोष्ट एकच, ती तीन अक्षरं. १९८३ च्या फेरफारावर ए.कु.मॅ. असेल तर अर्धी लढाई झाली, कारण सरकारच्याच वहीनं कबूल केलंय की जमीन एकट्या थोरल्याची नव्हती.

मग दोन वाटा आहेत. पुतणे राजी असतील तर वाट सोपी. सगळ्यांनी मिळून तहसीलदाराकडं अर्ज करायचा, म्हाताऱ्याच्या सगळ्या वारसांची नावं द्यायची, पुतण्यांचे जबाब होतात, आणि नवीन फेरफार पडून सगळी नावं लागतात. हिश्श्याप्रमाणं तुकडे वेगळे करायचे असतील आणि सगळे राजी असतील तर कलम ८५ खाली तहसीलदार वाटणी करून देऊ शकतो. पुतणे राजी नसतील तर २००९ च्या फेरफारावर उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील. अपिलाची मुदत साठ दिवसांची असते आणि तुम्ही पंधरा-सोळा वर्षांनी जाताय, म्हणून उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज सोबत लागतो. त्यात खरं काय ते लिहायचं: आम्हाला नोटीस मिळाली नाही, अमुक दिवशी नक्कल हातात पडली तेव्हा कळलं. नकलेवर तारीख असते, ती इथं कामाला येते. पण पुतणे हिस्साच नाकारायला लागले की महसूल अधिकारीही शेवटी म्हणणार, दिवाणी कोर्टात जा. मालकीचा खरा निवाडा तिथंच. ते लांब आणि खर्चाचं आहे हे आम्ही लपवत नाही.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट मधेच सांगून टाकतो. सातबारे संगणकावर चढवताना कुठं कुठं ही ए.कु.मॅ. अक्षरं गळून पडली आहेत. हातानं लिहिलेल्या उताऱ्यावर आहेत, छापील उताऱ्यावर नाहीत. तिथं अपिलाची गरज नसते. लिहिण्यातली चूक म्हणून कलम १५५ खाली तहसीलदाराकडं दुरुस्तीचा अर्ज करायचा, दोन्ही उतारे जोडायचे. म्हणून जुना, पिवळा पडलेला, फाटका उतारा घरात असेल तर चुलीजवळ ठेवू नका.

आता मुळाकडं येऊ. हे घर २००९ मध्येच वाचवता आलं असतं का? आलं असतं, आणि पंधरा दिवसांत.

कायदा असा आहे. कुणाला वारशानं हक्क मिळाला तर त्यानं तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं (आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा बदल झालाय, पण वस्तीवर तलाठीच म्हणतात). कळवल्याची लेखी पोच तलाठ्यानं लगेच द्यायची, हे कलम १४९ मध्येच आहे, मेहरबानी नाही. मग तलाठी फेरफार लिहितो, त्याची प्रत चावडीवर लावतो, आणि ज्यांचा संबंध दिसतो त्यांना लेखी नोटीस देतो. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, सुनावणी होते, दोन्हीकडचं ऐकून निर्णय होतो. हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी मंजूर करतो. एकदा मंजूर झालं की कलम १५७ चं ओझं तुमच्या डोक्यावर चढलं.

ह्या पंधरा दिवसांत आपला माणूस असतो कुठं? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारायला लागत नाही. दसरा-दिवाळीला मुकादम उचल देतो, ट्रॅक्टर निघतो, आणि घरच्या घरं कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात जातात. उन्हाळा लागल्यावर परत. वस्तीवर म्हातारी आणि लहान पोरं, घराला कुलूप. चावडीवर कागद लागतो, वाऱ्यानं उडतो, पंधरा दिवस संपतात. नोटीस द्यायला आलेला माणूस कुलूप बघून परत जातो, नाहीतर शेजारच्या भाऊबंदाचा अंगठा घेतो. आणि भाऊबंद बहुतेक वेळा तोच असतो ज्याच्या फायद्याचा फेरफार आहे. मग वहीत लिहिलं जातं, "हरकत नाही." हरकत नव्हती असं नाही, हरकत घेणारा उसात होता.

आमचं म्हणणं इथं स्पष्ट आहे. ज्या जिल्ह्यातली एवढी माणसं वर्षातले सहा महिने गावाबाहेर असतात, तिथं चावडीवर कागद लावणं म्हणजे कळवणं होत नाही. वारसाचे फेरफार ग्रामसभेत आणि वस्तीवर वाचून दाखवावेत, आणि ऊसतोडीला गेलेल्या घराचा फेरफार असेल तर सगळे वारस परत आल्यावर त्यांचे जबाब घेऊन मगच मंजूर करावा. ह्याला नवा कायदा लागत नाही. संबंध असणाऱ्यांना लेखी कळवा असं कायदा आधीच सांगतो, फक्त ते खरोखर करायचं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं जिवंत सातबारा मोहीम राज्यभर काढली, त्याआधी ती बुलढाण्यात झाली होती. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, तलाठ्यानं चावडीवर वाचन करायचं, वारसांनी कागद द्यायचे, १० मे पर्यंत फेरफार मंजूर करायचे, असा तो कार्यक्रम. मेलेल्या माणसाच्या नावाचे सातबारे हा प्रश्न आहे हे सरकारनं मान्य केलं, हे बरं झालं. पण आमची शंका घाईबद्दल आहे. आकडा पूर्ण करायचा असला की जो समोर आला त्याचं नाव लागतं. एप्रिलच्या सुरुवातीला ज्या टोळ्या अजून कारखान्यावर होत्या त्यांच्या वतीनं चावडीत कोण बोललं? तुमच्या घराचा फेरफार ह्या मोहिमेत झाला असेल तर त्याची नक्कल काढा आणि वारसांची नावं मोजा. घरात माणसं किती आणि कागदावर किती, एवढंच बघायचं.

मोजताना बायांना मोजा. वर सांगितलेल्या घरात म्हातारी आणि मुलगी होत्या, आठवतं का? १९८३ च्या फेरफारात त्या नव्हत्याच, आणि आमच्या गोष्टीतही मधल्या काकापर्यंत येता येता त्या गळाल्या. असंच होतं. विधवेचं नाव लावायचं तर लगेच होतं, पण मुलीचं नाव आलं की घर गप्प होतं, किंवा तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतात. लक्षात ठेवा, हक्कसोडपत्र नोंदणी झालेलं लागतं, कोऱ्या कागदावरचा अंगठा म्हणजे हक्कसोड नव्हे.

इथं काही पुढारी एक कायद्याची गोष्ट सांगतात, ती अर्धी खरी आहे. हिंदू वारसा कायदा कलम २(२) प्रमाणं अनुसूचित जमातींना लागू नाही, म्हणून आदिवासी मुलीला हिस्सा नाही, असं ते म्हणतात. पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं त्यातून निघत नाही. तो कायदा लागू नाही म्हणजे रूढी बघायची. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बाईला हिस्सा नाही अशी रूढी कुणी सिद्ध केली नसेल तर तिला डावलता येणार नाही, समानता घटनेतच आहे. आपल्या वस्तीवर बहिणीला हिस्सा द्यायचाच नाही अशी रूढी आहे का, की ती सोय आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात बसून ठरवावं. आम्ही तर अर्जात बहिणीचं नाव लिहितोच, आणि त्यावरून आमच्याशी भांडणारे पुष्कळ आहेत.

आता खरेदीबद्दल, थोडक्यात, कारण आपल्यात घेणारे थोडे आणि देणारेच जास्त. जमीन घेतली आणि दुय्यम निबंधकाकडं खरेदीखत नोंदवलं तर फेरफारासाठी वेगळा अर्ज लागत नाही, निबंधक कार्यालयाकडून तलाठ्याला कळवलं जातं. तरी फेरफार पडला का आणि मंजूर झाला का, हे जाऊन बघावंच लागतं, कारण हरकतीचे पंधरा दिवस तिथंही असतात. पण आपल्याकडं जमीन "बाँडवर" घेतात. स्टॅम्प पेपरवर लिहायचं, चार साक्षीदार, पैसे मोजून द्यायचे, ताबा घ्यायचा. शंभर रुपयांवरची जमीन नोंदणीशिवाय विकत घेता येत नाही. त्या बाँडवर फेरफार होत नाही, आणि विकणारा वारला की त्याच्या पोरांची नावं लागतात. पैसे गेले, ताबा आहे तोवर आहे.

आणि विकणारा आदिवासी असेल, घेणारा बिगर आदिवासी, तर कलम ३६अ आहे. जिल्हाधिकाऱ्याची आधी परवानगी पाहिजे, आणि विक्रीला शासनाचीही संमती. परवानगीशिवाय असा व्यवहार झाला तर त्याचा फेरफार मंजूर होता कामा नये. सातबाऱ्याच्या इतर हक्कात ह्या कलमाचा शेरा असतो. आपल्या उताऱ्यावर तो नसेल तर लावून घ्या. त्यासाठी जातीचा दाखला लागतो, आणि पारधी वस्तीवर दाखला नाही म्हणून शेरा नाही, शेरा नाही म्हणून परवानगी कुणी मागत नाही, अशी साखळी तयार होते.

फेरफार दोन्हीकडून कापतो, हे शहाद्याकडं बघून कळतं. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेनं भिल्लांच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न उठवला, जानेवारी १९७२ ला तिथं भूमुक्तीचा मोठा मेळावा झाला. सावकारानं कर्जापोटी, अंगठ्यावर, दारूवर जमिनी घेतल्या होत्या. पुढं राज्यात १९७४ चा कायदा झाला: १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडं गेलेल्या जमिनी परत देण्याचा. आता अशा कायद्यात जमीन कोणाची होती आणि कोणत्या तारखेला कोणाकडं गेली हे दाखवावं लागतं. ते कशावरून दाखवायचं? ज्या फेरफारानं जमीन गेली त्याच फेरफारावरून. देणारा कोण, घेणारा कोण, तारीख काय, सगळं त्यात होतं. ज्याची जमीन नोंद न होता, नुसत्या दमदाटीनं गेली, त्याच्या हातात दाखवायला काय राहणार?

गायरानवाल्यांनी हे आपल्याला लावून बघावं. आपल्या जिल्ह्यात गायरान हा मोठा प्रश्न आहे, एकनाथ आव्हाडांच्या मानवी हक्क अभियानानं त्यावर इथं लढे केले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. ज्याचं नियमित झालं त्याच्या नावावर सातबारा झाला, बहुधा भोगवटादार वर्ग दोन म्हणून, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही, पण वारसाला लागते. तिथं वर सांगितलेलं सगळं लागू आहे. ज्याचं नियमित झालं नाही त्याचा वारस फेरफार होतच नाही, कारण फेरफार व्हायला आधी हक्काची नोंद पाहिजे. त्याच्याकडं असते ती अतिक्रमणाच्या वहीतली, एक-ई ची नोंद आणि दंडाच्या पावत्या. तो मालकीचा कागद नाही, पण बाप तिथं कधीपासून कसत होता हे सांगणारा तोच एक कागद आहे. बाप वारला तर त्या पावत्या बापाबरोबर जाळू नका.

वनपट्टेवाल्या गावांसाठी दोन ओळी. वनहक्क कायदा २००६ प्रमाणं पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो, वारसाला जातो, पण विकता येत नाही, कुणाला देता येत नाही. पट्टा मिळाला म्हणजे झालं असं धरू नका. २०१२ च्या नियमांप्रमाणं तो हक्क महसूल आणि वन खात्याच्या दप्तरात तीन महिन्यांच्या आत चढवायचा आहे. पट्टाधारक वारला आणि दप्तरात आधीच नोंद नसेल तर वारसाची नोंद कशावर करणार? आधी पट्ट्याची नोंद, मग वारसाची.

ज्यांच्या घरात मरण होऊन वारस लागलेला नाही त्यांनी हे करावं. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत करावी, वर्ष उलटलं की वरच्या अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय दाखला निघत नाही आणि दाखल्याशिवाय पुढं काही होत नाही. अर्जाला मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटील किंवा सरपंच-ग्रामसेवकाचा दाखला, आणि सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ते, फोन. सगळ्या म्हणजे सगळ्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणीसुद्धा. पोच घ्या. तलाठी म्हणाला की नाव एकट्याचं लावू, बाकीचे नंतर बघू, तर नाही म्हणा. पीएम किसानसारख्या योजनेतही हे लागतं: १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर जमीन आली असेल तर तो हप्ता मिळत नाही, फक्त वारसानं आली असेल तरच मिळतो, आणि ती वारसानं आली हे फेरफारच सांगतो.

आणि कारखान्याला निघायच्या आधी, दसऱ्याच्या आत, एक साधा अर्ज तलाठ्याकडं देऊन पोच घेऊन ठेवा. अमुक गटात आमचे एवढे वारस आहेत, आम्ही ऊसतोडीला अमुक महिन्यापर्यंत बाहेर आहोत, ह्या गटात कोणताही फेरफार आला तर ह्या नंबरवर कळवा आणि आमचा जबाब घेतल्याशिवाय मंजूर करू नये. अशा अर्जानं फेरफार थांबेलच असं नाही. पण पुढं अपिलात कुणी म्हणालं की हरकत नव्हती, तर पोचेवरची तारीख त्याच्यासमोर ठेवता येते. नमुना आमच्याकडं लिहून ठेवला आहे, नांदूरघाटच्या बाजाराच्या दिवशी भेटा, गट नंबर आणि जुना उतारा घेऊन या.